पाटणमध्ये लकवा जास्त की म्हातारे जास्त?

पाटण तालुक्यात, मोरणा खोऱ्यात किंवा ढेबेवाडीच्या वरच्या अंगाला, एखाद्या वाडीत दुपारी गेलात तर ओसरीवर दिसतात ती माणसं साठीच्या पुढची. कर्ती पिढी मुंबईत, नवी मुंबईत, पुण्यात. हे आजचं नाही. गिरण्या चालू होत्या तेव्हापासून साताऱ्याच्या डोंगरी भागातली माणसं मुंबईची वाट धरत आली. माथाडी कामगारांना कायद्याचं संरक्षण मिळवून देणारे अण्णासाहेब पाटील याच तालुक्यातले. वाशीच्या बाजारात पाठीवर पोती वाहणाऱ्यांत आणि कोपरखैरणे, घणसोलीच्या वसाहतींत पाटणची आडनावं आजही सापडतात. गावाकडे उरतात आई-वडील, काही सुना, शाळेतली मुलं आणि सणापुरती उघडणारी बंद घरं.

अशा तालुक्यात आजारांची मोजणी करायची म्हटलं की एक घोटाळा हटकून होतो. कुणीतरी आकडे मांडतं: पाटणच्या डोंगरी भागात लाखामागे इतक्या जणांच्या अंगावरून वारं गेलं, नवी मुंबईत मात्र त्याहून कमी. लगेच निष्कर्ष तयार असतो. गावाकडचं पाणी, गावाकडचं मीठ, मिश्री, दवाखान्याचं अंतर, सगळ्यांवर बोट ठेवून होतं. यातलं काही खरंही असेल. पण त्याआधी विचारायचा प्रश्न साधा आहे. लकवा हा मुख्यतः उतारवयातला आजार. मग जिथे म्हातारी माणसं जास्त, तिथे लकवा जास्त दिसणारच. आकडा जागेचा दोष सांगतो आहे की माणसांचं वय?

हे वेगळं करण्याची एक जुनी, हिशेबी रीत आहे. तिला वय-प्रमाणित दर म्हणतात. ती समजायला एक उदाहरण पूर्ण सोडवून पाहू. आकडे मी रीत दाखवण्यासाठी रचलेले आहेत, पाटणच्या कुठल्या पाहणीतले नाहीत. पण त्यांचा आकार अशा भागांत दिसतो तसाच ठेवला आहे.

सोयीसाठी दोन्हीकडे एक-एक लाख लोक धरू. डोंगरी पाटणमध्ये तिशीच्या आतले 42 हजार, तीस ते एकोणसाठ वयाचे 38 हजार आणि साठीपुढचे 20 हजार. शहरातल्या वसाहतीत तिशीच्या आतले 50 हजार, मधल्या वयाचे 42 हजार आणि साठीपुढचे फक्त 8 हजार. वर्षभरात लकव्याचे नवे रुग्ण मोजले. पाटणमध्ये तरुणांत 2, मधल्या वयात 38, म्हाताऱ्यांत 120, एकूण 160. शहरात तरुणांत 3, मधल्या वयात 63, म्हाताऱ्यांत 64, एकूण 130. लोकसंख्या दोन्हीकडे लाखच असल्यामुळे हेच लाखामागचे दर झाले: पाटण 160, शहर 130. याला ढोबळ दर म्हणतात. ढोबळ म्हणजे चुकीचा नव्हे. 160 माणसं खरोखर आजारी पडली आहेत. पण या आकड्यावरून पाटणला धोका जास्त असं म्हणता येतं का?

आता प्रत्येक वयोगटाचा दर वेगळा काढा. म्हाताऱ्यांत पाटणचे 120 रुग्ण 20 हजारांतून आले, म्हणजे लाखामागे 600. शहराचे 64 रुग्ण 8 हजारांतून आले, म्हणजे लाखामागे 800. मधल्या वयात पाटण 100, शहर 150. तरुणांत पाटण सुमारे 5, शहर 6. तिन्ही गटांत शहरच वर आहे! तरीही एकूण आकड्यात पाटण वर गेलं, कारण ज्या गटात आजार सर्वांत जास्त, त्या गटात पाटणची माणसं अडीच पट आहेत. बेरजेत कुठेही चूक नाही. आपण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर ती बेरीज देतच नाही, एवढंच.

दोन दुकानांतलं कोणतं महाग हे ठरवायचं तर दोन वेगळ्या घरांची किराणा बिलं शेजारी ठेवून चालत नाही. एका घरात तूप जास्त लागतं, दुसऱ्यात ज्वारी. एकच यादी दोन्ही दुकानांत द्यावी लागते. वय-प्रमाणित दरात हेच करतात. वयाची एक ठरलेली यादी, म्हणजे प्रमाण लोकसंख्या, घ्यायची आणि तिला दोन्ही ठिकाणांचे वयनिहाय दर लावायचे. या यादीतल्या लाख माणसांना पाटणचे दर लागू असते तर किती रुग्ण झाले असते, आणि शहराचे लागू असते तर किती?

यादी कोणाची घ्यायची? कर्करोगाच्या नोंदींत जगभर चालते ती जपानी संशोधक मित्सुओ सेगी यांनी 1960 मध्ये 46 देशांच्या लोकसंख्येवरून बांधलेली, आणि 1966 मध्ये रिचर्ड डॉल व सहकाऱ्यांनी थोडी दुरुस्त केलेली. तिच्यात पाच-पाच वर्षांचे अठरा गट आहेत. शून्य ते चार वयाची 12 हजार मुलं, पाच ते नऊची 10 हजार, असं उतरत जात पंच्याऐंशीच्या पुढचे 500, मिळून एक लाख. आपल्या तीन गटांत ती गोळा केली तर तिशीच्या आत 56 टक्के, मधल्या वयात 33 टक्के, साठीपुढे 11 टक्के.

मग हिशेब असा. पाटण: 5 चे 56 टक्के 2.8, 100 चे 33 टक्के 33, 600 चे 11 टक्के 66. बेरीज 102. शहर: 6 चे 56 टक्के 3.4, 150 चे 33 टक्के 49.5, 800 चे 11 टक्के 88. बेरीज 141. ढोबळ दरात 160 विरुद्ध 130 असलेलं चित्र 102 विरुद्ध 141 झालं. बाजू उलटली.

या नव्या आकड्यांबद्दल एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी, कारण गफलत इथेच होते. पाटणमध्ये लाखामागे 102 जणांना लकवा होतो, असं म्हणणं साफ चूक आहे. होतो तो 160 जणांनाच. 102 हा कुठेही अस्तित्वात नसलेल्या लोकसंख्येवर काढलेला आकडा आहे, आणि त्याचा उपयोग फक्त तसाच काढलेला दुसरा आकडा शेजारी ठेवण्यापुरता. पाटणच्या ग्रामीण रुग्णालयात खाटा किती हव्यात, रुग्णवाहिका हेळवाकला ठेवायची की मल्हारपेठला, फिजिओथेरपीला माणूस किती दिवस लागेल, हे ठरवताना 102 च्या जवळही जाऊ नये. तिथे 160 च लागतात. एखाद्या अधिकाऱ्याने प्रमाणित दर दाखवून पाटणचा प्रश्न शहरापेक्षा हलका ठरवला आणि साधनं कमी दिली, तर तो गणिताच्या आडून अन्याय करतो आहे. म्हातारी माणसं जास्त असणं हीसुद्धा त्या भागाची खरी गरज आहे. तुलनेपुरती ती बाजूला ठेवली होती.

मग यादी बदलली तर? जागतिक आरोग्य संघटनेने 2001 मध्ये आणखी एक प्रमाण लोकसंख्या दिली. ती सेगींच्या यादीपेक्षा वयाने थोडी मोठी आहे, कारण जगच म्हातारं होत चाललं आहे. तिच्यात आपले तीन गट साधारण 51, 37 आणि 12 टक्के येतात. पुन्हा गुणाकार केला की पाटण 112 आणि शहर 155. दोन्ही आकडे वर गेले. पण शहराचा दर पाटणच्या किती पट, हे पाहा: आधी 141 भागिले 102, आता 155 भागिले 112, दोन्ही वेळा सुमारे 1.4. दर यादीगणिक हलतो, तुलना बहुतेक वेळा टिकते. म्हणूनच एका अहवालातला सेगींच्या यादीवरचा आकडा आणि दुसऱ्यातला जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीवरचा आकडा शेजारी ठेवणं हा गुन्हा आहे, आणि वर्तमानपत्रांत तो रोज घडतो. तक्त्याच्या तळाशी यादीचं नाव नसेल तर त्या आकड्याची तुलना कशाशीच करू नये.

तुलना 'बहुतेक वेळा' टिकते असं म्हटलं, कारण एका परिस्थितीत ती कोसळते. समजा तरुणांत आजार शहरात जास्त आणि म्हाताऱ्यांत गावाकडे जास्त, म्हणजे वयानुसार काढलेल्या दोन रेषा एकमेकींना छेदतात. अशा वेळी तरुणांना जास्त वजन देणारी यादी शहराला वाईट ठरवील आणि म्हाताऱ्यांना वजन देणारी गावाला. दोन्ही उत्तरं हिशेबाने बरोबर. तेव्हा एका आकड्याचा हट्ट सोडून वयनिहाय दरच छापावेत. माझ्या मते कुठलाही प्रमाणित दर वापरण्याआधी वयनिहाय तक्ता एकदा डोळ्यांखालून घालावाच. पाच मिनिटांचं काम असतं.

ही रीत नवी नाही. 1844 साली इंग्लंडमध्ये एडविन चॅडविक यांनी वेगवेगळ्या वस्त्यांमधल्या मृतांचं सरासरी वय काढून कुठली वस्ती जास्त रोगट ते ठरवायचा प्रयत्न केला. विमाहिशेबात मुरलेल्या नाइसन यांनी त्याच वर्षी त्यांना अडवलं: ज्या वस्तीत मुलंच जास्त राहतात तिथे मरणाऱ्यांचं सरासरी वय कमी येणारच, आधी दोन्हीकडे वयांची मांडणी सारखी करा. पाटणच्या ओसरीवरचा मुद्दा तोच आहे, फक्त उलट्या टोकाने.

महाराष्ट्रात या रीतीचा सर्वांत मोठा वापर कर्करोगाच्या नोंदींत झाला. मुंबईत इंडियन कॅन्सर सोसायटीने 1963 मध्ये लोकसंख्येवर आधारलेली नोंदणी सुरू केली. देशातली ती पहिली. ग्रामीण भागाला मात्र 1987 पर्यंत थांबावं लागलं. त्या वर्षी बार्शीत टाटा स्मारक केंद्राच्या आधाराने बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांसाठी नोंदणी उघडली. शहरी नोंदणीत कर्मचारी रुग्णालयं फिरून कागद गोळा करतात. बार्शीला ते पुरणारं नव्हतं, कारण खेड्यातला रुग्ण रुग्णालयापर्यंत पोचतच नसे. म्हणून तिथले कर्मचारी गावोगाव जाऊन लोकांना लक्षणं समजावत आणि संशयित रुग्णांना तपासणीपर्यंत आणत. गावाची नोंद कशी करायची याचा धडा देशाला तिथे मिळाला.

2012 ते 2016 या काळातल्या नोंदींचा राष्ट्रीय अहवाल 2020 मध्ये आला. त्यात पुरुषांमधला वय-प्रमाणित दर मिझोरमच्या ऐझॉल जिल्ह्यात सर्वांत जास्त, लाखामागे 269.4, आणि सर्वांत कमी उस्मानाबाद-बीड नोंदणीत, 39.5. स्त्रियांमध्येही तळाला उस्मानाबाद-बीडच, 49.4. वयाचा फरक आधीच बाजूला काढलेला असताना पुरुषांत जवळजवळ सात पट अंतर उरतं. त्यातलं काही तंबाखूच्या आणि खाण्यापिण्याच्या सवयींचं आहे. पण सगळं तेच आहे असं मानायला मी तयार नाही. प्रमाणित दर वयाचा अडथळा दूर करतो. नोंदच झाली नाही तो रुग्ण त्याला दिसत नाही. पंच्याहत्तरीची आजी पोटात गाठ घेऊन घरीच जाते, तिची तपासणी होत नाही, आणि कागदावर तिला कर्करोग कधी झालेलाच नसतो.

हे ओळखायची एक खूण आहे. बहुतेक कर्करोगांचा दर वयाबरोबर चढत जातो. एखाद्या नोंदणीत तो पासष्टीपर्यंत चढून मग एकदम खाली आला, तर त्या भागातले म्हातारे निरोगी आहेत असा अर्थ घाईने काढू नये. म्हाताऱ्यांना दवाखान्यात न्यायचं घराने थांबवलं आहे, अशीच शक्यता जास्त. शहराच्या आणि गावाच्या वयनिहाय रेषा तरुण वयात जवळजवळ चालत असतील आणि साठीनंतर दुभंगत असतील, तर संशय आणखी पक्का होतो.

पाटणकडे परत येऊ, कारण इथे आणखी दोन अडचणी आहेत आणि दोन्ही या तालुक्याच्या इतिहासातून आलेल्या आहेत.

पहिली, आजारी माणूस मोजायचा कुठे? वाशीत तीस वर्षं माथाडी काम केलेला माणूस छातीत दुखायला लागल्यावर किंवा लकव्यातून जरा सावरल्यावर गावाकडे येतो. मुंबईची खोली लहान, मुलांची नोकरी, करायला माणूस गावाकडेच. जनगणनेने त्याला नवी मुंबईत मोजलेलं आणि दवाखान्याच्या वहीत पत्ता मात्र पाटणचा. म्हणजे भागाकारात वरचा आकडा गावाचा वाढला आणि खालचा शहराचा फुगलेलाच राहिला. गाव आजारी दिसतं, शहर तंदुरुस्त. कर्करोग नोंदणीत यावर नियम आहे: निदानाच्या वेळी त्या भागात किमान एक वर्ष राहिलेलाच तिथला रहिवासी. नियम ठीक, पण तो पाळायला रुग्णाला विचारावं लागतं, आणि केसपेपरवर 'मु. पो.' च्या पुढे माणूस जन्मगावच सांगतो. वयाची कितीही काळजी घेतली तरी ही चूक प्रमाणित दरातून निघत नाही. उलट साठीनंतर परतणारे जास्त असल्यामुळे ती नेमकी सर्वांत वजनदार गटात जाऊन बसते. आणि 2011 नंतरची जनगणना लांबल्यामुळे कुठल्या गावात कुठल्या वयाची किती माणसं राहतात याचे आधार आणखी जुने झाले आहेत.

दुसरी अडचण खुद्द वयाची. जन्मदाखला नसलेल्या पिढीला वय विचारलं की साठ, पासष्ट, सत्तर असे गोल आकडे येतात. 58 ची बाई साठ सांगते आणि हिशेबात एका गटातून दुसऱ्यात उडी मारते. सुदैवाने पाटणला एक ठळक खूण आहे: 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप. 'भूकंपात तुम्ही केवढ्या होता? शाळेत जात होता? लग्न झालं होतं?' असं विचारलं की वय दोन-तीन वर्षांच्या अंतरात पकडता येतं. वयाची नोंद अशी काळजीने घेतली नाही तर पाच-पाच वर्षांचे अठरा गट पाडणं हा निव्वळ दिखावा ठरतो. गटही फार रुंद ठेवून चालत नाही. वरच्या उदाहरणात मी साठीपुढचे सगळे एका गटात टाकले, ते समजायला सोपं जावं म्हणून. प्रत्यक्षात पाटणच्या त्या 20 हजारांत ऐंशीच्या आसपासचे जास्त आणि शहराच्या 8 हजारांत बासष्ट-चौसष्टचे जास्त असू शकतात. मग त्या गटाच्या पोटात वयाचा फरक पुन्हा लपून बसतो.

शेवटी लहान गावांचा प्रश्न. डोंगरी भागात एका प्राथमिक आरोग्य केंद्राखाली साधारण 20 हजार लोक आणि उपकेंद्राखाली 3 हजार असावेत असं सरकारी मान आहे. इतक्या लहान लोकसंख्येचे अठरा वयोगट पाडले तर अर्ध्या गटांत शून्य रुग्ण आणि एखाद्यात एकच. त्या एकाने दर आभाळाला भिडतो. इथे रीत उलटी करतात. गावाचे स्वतःचे डळमळीत दर बाजूला ठेवायचे आणि मोठ्या भागाचे पक्के वयनिहाय दर गावाच्या वयांना लावून अपेक्षित रुग्ण काढायचे. मग प्रत्यक्ष रुग्णांना अपेक्षित रुग्णांनी भागायचं.

आपल्याच उदाहरणात शहराचे दर पाटणच्या वयांना लावले तर तरुणांत 2.5, मधल्या वयात 57, म्हाताऱ्यांत 160, म्हणजे सुमारे 220 रुग्ण अपेक्षित येतात. प्रत्यक्षात 160. गुणोत्तर 0.73, वय सारखं धरलं तर पाटणचा आजार शहराच्या तीनचतुर्थांश. मात्र या रीतीने काढलेली दोन गावांची गुणोत्तरं आपसांत ताडू नयेत. प्रत्येकाची यादी त्याच्या स्वतःच्या वयांची असते. प्रत्येक गावाची तुलना फक्त त्या मोठ्या भागाशी झालेली असते.

आता समजा 4 हजार वस्तीच्या काही वाड्यांत, पाटणचेच वयनिहाय दर लावून वर्षाला 6.4 रुग्ण अपेक्षित होते आणि झाले 10. दीडपटीहून जास्त! ग्रामसभेत हा आकडा वाचला तर खळबळ उडेल. पण 10 ही संख्या इतकी लहान आहे की नुसत्या योगायोगाने ती बरीच वर-खाली होते. नेहमीचं पंच्याण्णव टक्के खात्रीचं माप लावलं तर खरं गुणोत्तर 0.75 पासून 2.9 पर्यंत कुठेही असू शकतं. म्हणजे कदाचित सरासरीहून कमीसुद्धा. यावर काहीच बोलू नये, वह्या जपून ठेवाव्यात. हेच प्रमाण पाच वर्षं टिकलं, अपेक्षित 32 आणि प्रत्यक्ष 50 असा हिशेब आला, तर तीच पट्टी 1.16 ते 2.06 अशी आवळते. तिचं खालचं टोकही एकाच्या वर आहे. वय इथे आधीच हिशेबात धरलेलं आहे, योगायोग बराचसा मागे पडला. तरी लगेच पाण्याकडे बोट दाखवू नये. आधी त्या 50 जणांची यादी काढून यातले किती जण आजारी पडल्यावर मुंबईहून परतले ते घरोघर विचारावं, आणि उरलेल्यांसाठी उपकेंद्राच्या साठा नोंदवहीत त्या पाच वर्षांत रक्तदाबाच्या गोळ्या किती महिने शिल्लक नव्हत्या ते पाहावं.